मृदू खडकातील खांब आणि आधाराचा हिशेब

मुंबईत अंधेरीजवळ महाकाली, म्हणजेच कोंडिविटे येथील बौद्ध लेणी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. तेथील खडक निरखून पाहिला, तर तो सह्याद्रीच्या कड्यावरील घट्ट काळ्या पाषाणासारखा सर्वत्र एकसंध दिसत नाही. राखेसारख्या मऊ द्रव्यात दगडांचे लहानमोठे तुकडे रुतून बसावेत, तसे त्याचे रूप आहे. भूशास्त्रात या खडकाला ज्वालामुखीजन्य ब्रेशिया म्हणतात. तो हवापाण्याने लवकर झिजतो आणि म्हणूनच तेथील कोरीवकामाची हानी झालेली दिसते. असे असूनही त्यात मोठ्या, अखंड भिंती उभ्या राहिल्या आहेत. भेगा थोड्या आणि अंगची ताकद कमी, अशा दोन गोष्टी या एकाच खडकात एकत्र नांदतात.

पश्चिम मुंबईच्या अनेक भागांत जमिनीखाली हाच ब्रेशिया आणि त्याचा सोबती टफ, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा खडक, आढळतो. उंच इमारतींचे व पुलांचे पाइल त्यातच रोवावे लागतात. खडकात काही अंतर खोल भोक पाडून त्यात काँक्रीटचा खांब ओतला की त्या खडकातील भागाला सॉकेट म्हणतात. या सॉकेटवर किती भार टाकावा, हे ठरविताना एका आकड्याचा फार गैरवापर होतो. तो आकडा कोणता, तो खरोखर काय सांगतो, आणि तो हाती असतानाही आधाराचे मूल्य कसे निवडावे, एवढाच या लेखाचा विषय आम्ही घेतला आहे.

आर.क्यू.डी. म्हणजे काय?

खडकात बोअर घेताना पोकळ नळीच्या टोकाशी बसविलेला हिऱ्याचा बिट खडक गोलाकार कापत जातो आणि नळीत दंडगोल नमुना जमा होतो. त्याला कोअर म्हणतात. एका खेपेस साधारण दीड मीटर खोली कापली जाते. वर आलेला कोअर लाकडी पेटीत क्रमाने मांडतात. कापलेल्या लांबीपैकी जेवढा कोअर हाती आला, त्याची टक्केवारी म्हणजे कोअर-प्राप्ती.

परंतु हाती आलेला कोअर अखंड आहे की त्याचा चुरा झाला आहे, हे कोअर-प्राप्तीवरून कळत नाही. त्यासाठी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे डॉन डीअर यांनी १९६० च्या दशकात एक सोपे माप सुचविले. दहा सेंटिमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या टणक तुकड्यांचीच लांबी मोजायची, तिची बेरीज करायची आणि कापलेल्या एकूण लांबीशी तिची टक्केवारी काढायची. हाच खडक-गुणवत्ता निर्देशांक, म्हणजे आर.क्यू.डी.

एक उदाहरण करून पाहू. दीड मीटरच्या, म्हणजे १५० सेंटिमीटरच्या खेपेत १३८ सेंटिमीटर कोअर मिळाला. कोअर-प्राप्ती ९२ टक्के झाली. त्यातील लांब तुकडे ४२, ३१, २७, १८ आणि १२ सेंटिमीटरचे आहेत. उरलेले ८ सेंटिमीटर बारीक तुकड्यांचे आहेत. लांब तुकड्यांची बेरीज १३० होते. १३० भागिले १५० केले की आर.क्यू.डी. सुमारे ८७ टक्के येतो. हा खडक ‘चांगला’ या वर्गात मोडतो.

मोजमाप दिसायला सोपे असले तरी त्यात काही पथ्ये पाळावी लागतात. लांबी कोअरच्या मध्यरेषेवर मोजावी. नळीतून काढताना वा पेटीत ठेवताना तुकडा मोडला असेल, तर त्याची मोडलेली बाजू ताजी, स्वच्छ आणि खडबडीत दिसते. असे दोन तुकडे जोडून एकच समजावेत. जुन्या भेगेच्या बाजूवर मात्र गंज, माती किंवा पांढऱ्या खनिजाचा थर असतो. ती खरी भेग होय. नखाने किंवा चाकूने सहज कोरला जाईल इतका कुजलेला तुकडा दहा सेंटिमीटरहून लांब असला, तरी तो टणक नसल्यामुळे बेरजेत घेऊ नये. मृदू खडकासाठी दुहेरी नळीच वापरावी. एकेरी नळीत फिरत्या धातूचा आणि पाण्याचा मारा थेट कोअरवर होतो, मऊ खडक धुऊन जातो आणि जमिनीत चांगला असलेला खडकही कागदावर वाईट दिसतो. शेवटचे पथ्य असे की मोजणी जागेवरच आणि त्याच दिवशी करावी. टफचा कोअर उन्हात वाळला की त्याला तडे जातात. आठवड्याने पेटी उघडणाऱ्याला भलताच आकडा मिळतो.

या मापाला काही अंगभूत मर्यादाही आहेत. सर्व तुकडे ११ सेंटिमीटरचे असतील तर आर.क्यू.डी. शंभराजवळ जातो आणि सर्व ९ सेंटिमीटरचे असतील तर तो शून्य होतो. प्रत्यक्षात त्या दोन खडकांत फारसा फरक नसतो. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर बसाल्टचे उभे स्तंभ दिसतात. अशा उभ्या भेगांच्या मधून उभे बोअर खाली गेले, तर त्याला एकही भेग न लागण्याचा संभव असतो.

आकडा काय सांगत नाही

वरील ८७ टक्के आर.क्यू.डी.चा कोअर ब्रेशियाचा आहे असे समजू. आता शेजारच्या बोअरमधील दुसरी पेटी पाहू. तीत कठीण काळा बसाल्ट आहे, पण तो भेगांनी चिरलेला आहे. दीड मीटरपैकी १३५ सेंटिमीटर कोअर मिळाला. दहाहून लांब तुकडे १४, १२ आणि ११ सेंटिमीटरचे आहेत. बेरीज ३७ झाली, म्हणजे आर.क्यू.डी. अवघा २५ टक्के. प्रयोगशाळेत दाबून पाहता या बसाल्टच्या तुकड्याचे सामर्थ्य ७० मेगापास्कल निघाले आणि ब्रेशियाचे साडेतीनच्या आसपास. एक मेगापास्कल म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे दहा किलोचा भार. म्हणजे हा ब्रेशिया पायाच्या काँक्रीटपेक्षाही कितीतरी मऊ आहे.

अभियंत्यांच्या हाताशी एक जुना तक्ता असतो. पेक, हॅन्सन आणि थॉर्नबर्न यांच्या पाया-अभियांत्रिकीवरील ग्रंथाच्या १९७४ च्या आवृत्तीत आर.क्यू.डी.वरून खडकावरील दाब सुचविला आहे. त्यात ९० टक्क्यांसमोर दर चौरस फुटास २०० टन आणि २५ टक्क्यांसमोर ३० टन असे आकडे आहेत. ते अमेरिकी टन असल्याने आपल्या मापात अनुक्रमे सुमारे १९ आणि २.९ मेगापास्कल होतात. केवळ तक्ता वाचला तर ब्रेशियाला बसाल्टच्या सहापटींहून अधिक भार देता येईल असे वाटते. परंतु १९ मेगापास्कल हे ब्रेशियाच्या स्वतःच्या सामर्थ्याच्या पाचपट आहे! त्या तक्त्याखालीच अट लिहिली आहे की सुचविलेला दाब खडकाच्या तुकड्याच्या दाबसामर्थ्याहून अधिक होत असेल, तर तो त्या सामर्थ्याएवढाच मर्यादित करावा. आकडे उतरवून घेताना ही अटच पुष्कळदा मागे राहते.

चूक का होते, हे उघड आहे. आर.क्यू.डी. भेगा मोजतो, खडकाची ताकद मोजत नाही. कठीण खडकात भेगाच दुबळ्या जागा असतात, म्हणून तेथे हा आकडा उपयोगी पडतो. मृदू खडकात भेगांमधला खडकच दुबळा असतो. तो लवचीक मेणासारखा अखंड निघतो आणि पेटी सुंदर दिसते. म्हणून मृदू खडकात आर.क्यू.डी.ला दुय्यम स्थान देऊन दाबसामर्थ्याला प्रथम स्थान दिले पाहिजे.

दाबसामर्थ्य कोणते धरावे?

आता एका इमारतीच्या एका पाइलचा हिशेब पायरीपायरीने करू. पाइलचा व्यास एक मीटर आहे आणि त्यावर २०० टन, म्हणजे सुमारे २ मेगान्यूटन भार यायचा आहे. सॉकेट वर सांगितलेल्या ब्रेशियात आहे. पाइलच्या तळाखालील खडकातून पाच नमुने तपासले. त्यांचे सामर्थ्य २.९, ३.४, ३.८, ४.१ आणि ९.२ मेगापास्कल निघाले.

पाचांची सरासरी ४.६८ येते. पण ९.२ हा आकडा इतरांशी जुळत नाही. प्रयोगशाळेतून मोडलेला तुकडा मागवून पाहिला असता कारण समजते. ब्रेशियात रुतलेला बसाल्टचा एक मोठा दगड नेमका त्या नमुन्याच्या मध्यभागी आला होता. म्हणजे चाचणी त्या दगडाची झाली, त्याला धरून ठेवणाऱ्या मऊ द्रव्याची झाली नाही. तो आकडा वगळला की चौघांची सरासरी ३.५५ राहते.

येथेही थांबता येत नाही. दाबचाचणीसाठी व्यासाच्या सुमारे दुप्पट लांबीचा अखंड तुकडा लागतो. जो भाग चुरा झाला, धुऊन गेला किंवा उचलतानाच मोडला, त्याची चाचणी कधीच होत नाही. प्रयोगशाळेत पोहोचतात ते तुकडे त्या खडकातील बलवान तुकडेच असतात. शिवाय वाळलेला नमुना ओल्यापेक्षा अधिक भार घेतो आणि पाइल मात्र भूजलात उभा असतो. या दोन कारणांमुळे सरासरीच्या खाली, सर्वांत कमी आकड्याच्या निकट, ३.० मेगापास्कल हे मूल्य आम्ही धरू.

सॉकेटचा हिशेब

इंडियन रोड्स काँग्रेसच्या पुलांच्या पायाविषयीच्या ७८ क्रमांकाच्या संहितेत, २०१४ च्या आवृत्तीत, दिलेली रीत घेऊ. तिच्यात भार दोन वाटांनी खडकात जातो. एक वाट पाइलच्या तळातून जाते आणि दुसरी सॉकेटच्या भिंतीवरील घर्षणातून.

तळाचा कमाल दाब काढण्यासाठी खडकाचे सामर्थ्य दोन गुणांकांनी गुणायचे असते. पहिला गुणांक भेगांचा. कोअर-प्राप्ती आणि आर.क्यू.डी. यांची सरासरी ३० टक्के असेल तर तो ०.३ आणि १०० टक्के असेल तर १.२ असतो. मधली मूल्ये सरळ रेषेने काढतात. आपल्या उदाहरणात ९२ आणि ८७ यांची सरासरी ८९.५ आहे, म्हणून गुणांक सुमारे १.०६ येतो. दुसरा गुणांक खोलीचा. तो सॉकेटच्या लांबीबरोबर वाढतो, पण १.२ च्या वर धरता येत नाही. आपण १.२ घेऊ. मग ३.० गुणिले १.०६ गुणिले १.२ म्हणजे सुमारे ३.८ मेगापास्कल. एक मीटर व्यासाच्या तळाचे क्षेत्रफळ ०.७८५ चौरस मीटर. गुणाकार सुमारे ३.० मेगान्यूटन येतो. त्याला सुरक्षा गुणांक ३ ने भागले की तळ १.० मेगान्यूटन, म्हणजे १०० टन घेऊ शकतो.

भिंतीवरील कमाल घर्षण दाबसामर्थ्याच्या वर्गमुळाच्या ०.२२५ पट असते. ३.० चे वर्गमूळ १.७३ आहे, म्हणून घर्षण सुमारे ०.३९ मेगापास्कल. सॉकेटच्या प्रत्येक मीटर लांबीस भिंतीचे क्षेत्रफळ ३.१४ चौरस मीटर असल्याने कमाल घर्षण १.२२ मेगान्यूटन येते. घर्षणासाठी संहिता सुरक्षा गुणांक ६ सांगते. त्याने भागल्यावर दर मीटरला सुमारे ०.२०४ मेगान्यूटन, म्हणजे २० टनांच्या थोडे वर उरतात. सॉकेटचे वरचे ३०० मिलिमीटर हिशेबात धरायचे नाहीत, कारण भोक पाडताना तो भाग ढिला होतो.

आपल्याला २०० टन हवेत. तळ १०० टन देतो, उरलेले १०० टन भिंतीने द्यावयाचे आहेत. १.० भागिले ०.२०४ म्हणजे ४.९ मीटर, आणि वरचे सोडून दिलेले ०.३ मीटर मिळविले की सॉकेट ५.२ मीटर लांब हवे. व्यासाच्या सहापटीपेक्षा अधिक खोलीवरचे घर्षण धरू नये, असा दंडक आहे. आपण त्या मर्यादेत आहोत.

आता ९.२ चा तो एक आकडा वगळला नसता तर काय झाले असते? दाबसामर्थ्य ४.६८ धरले असता तळाचा वाटा १.५६ मेगान्यूटन येतो आणि भिंतीचा दर मीटरला सुमारे ०.२५५. तेव्हा उरलेल्या ०.४४ मेगान्यूटनसाठी १.७ मीटर पुरतात आणि सॉकेट अवघे दोन मीटरांचे निघते. संहिता तीच, गणित बिनचूक, आर.क्यू.डी.ही तोच. तरीही एका दगडाच्या तुकड्याने सॉकेटची तीन मीटरांहून अधिक लांबी खाऊन टाकली. दुरुस्त मूल्याने पाहिले तर त्या दोन मीटरच्या सॉकेटची खरी क्षमता सुमारे १३५ टनांचीच ठरते.

तुलनेसाठी चिरलेला बसाल्टही याच रीतीने पाहू. ९० आणि २५ यांची सरासरी ५७.५, गुणांक सुमारे ०.६५. सामर्थ्य ७० असल्यामुळे गुणाकार फार मोठा येतो. परंतु संहिता तळाचा सुरक्षित दाब ५ मेगापास्कलच्या वर जाऊ देत नाही, म्हणून ५ धरू. आपल्या ब्रेशियाचा सुरक्षित दाब सुमारे १.२७ निघाला होता. ज्या पेटीचा आर.क्यू.डी. कमी, तिचाच खडक चौपट भार घेतो. केवळ आर.क्यू.डी. वाचणाऱ्याचा निष्कर्ष याच्या नेमका उलट होता.

तळातील गाळ

दोन मीटरच्या सॉकेटवर २०० टन टाकले तर पाइल लगेच खचेल काय? तळ आणि भिंत यांची कमाल क्षमता मिळून सुमारे ५.१ मेगान्यूटन होते. ती भाराच्या अडीचपट आहे. म्हणजे सर्व काही सुरळीत असेल तर पाइल उभा राहील. प्रश्न आहे तो ‘सुरळीत असेल तर’ या शब्दांचा.

भिंतीवरील घर्षण पाइल काही मिलिमीटर खाली सरकताच जागे होते. तळाचा आधार पूर्ण मिळण्यासाठी मात्र त्याहून कितीतरी अधिक सरकावे लागते. आणि तळाशी खडकाचा भुगा, बेंटोनाइट व पाणी यांचा गाळ साचून राहिला असेल, तर तो दाबून संपेपर्यंत तळ काहीच भार घेत नाही. मृदू खडकात हा धोका मोठा असतो, कारण भोक उघडे राहिले की भिंतीचा खडक पाण्याने फुगून मऊ होतो व झडून तळाशी जमतो.

तळ मुळीच धरला नाही, तर दोन मीटरच्या सॉकेटची भिंत कमाल २.०८ मेगान्यूटन देते. भार २.० आहे. म्हणजे हाती काहीच शिल्लक राहत नाही. ५.२ मीटरच्या सॉकेटची भिंत मात्र एकटी सुमारे ६ मेगान्यूटन देते, म्हणजे भाराच्या तिप्पट. तळ निकामी झाला तरी तो पाइल उभा राहतो. म्हणून मृदू खडकात आम्ही हा हिशेब नेहमी वेगळा मांडून पाहतो: तळाची मदत शून्य धरली तर भिंत एकटी भार पेलू शकेल काय? उत्तर नकारार्थी असेल, तर सॉकेट लांबवावे किंवा व्यास वाढवावा.

गाळ ओळखण्याची रीत साधी आहे. भोक पूर्ण झाल्यावर दोरीला वजन बांधून खोली मोजतात. सळ्यांचा पिंजरा उतरवून तळ धुतल्यावर, काँक्रीट ओतण्याच्या अगदी आधी, पुन्हा मोजतात. दोन मापांत फरक पडला की तेवढा गाळ आहे. वजन कठीण तळावर टणकन आपटते आणि गाळात मुकाट्याने रुतते. अनुभवी हाताला दोरीतूनच हा भेद कळतो. सॉकेट खणताना वर येणाऱ्या चुऱ्याचे नमुनेही खोली लिहून ठेवावेत. कोअरच्या पेटीशी ते जुळत नसतील, तर त्या जागी खडक वेगळा आहे.

शेवटचा पुरावा भारचाचणीचा. भारतीय मानकाप्रमाणे प्रारंभिक चाचणी-पाइलवर संकल्पित भाराच्या किमान अडीचपट आणि कामातील पाइलवर दीडपट भार टाकून खचण मोजतात. गाळावर उभ्या असलेल्या पाइलचा आलेख वेगळा दिसतो. प्रथम तो जवळजवळ सरळ, अत्यल्प खचणीचा असतो, कारण सर्व भार भिंत घेत असते. भिंतीची शक्ती संपताच तो एकाएकी खाली वळतो. आपल्या दोन मीटरच्या सॉकेटचा पाइल दीडपट, म्हणजे ३०० टनांपर्यंत नेताना २०० टनांच्या जरा पुढे असे वळण दिसले असते. चाचणी केवळ संकल्पित भाराइतकीच केली असती, तर मात्र तो निर्दोष ठरला असता.

जिथे ही रीत थांबते

कोअर-प्राप्ती आणि आर.क्यू.डी. यांची सरासरी ३० टक्क्यांच्या खाली गेली, किंवा दाबचाचणीपुरता तुकडाच मिळेना, तर वरची रीत सोडून द्यावी. तेव्हा तो खडक घट्ट मुरुमासारखा समजून, प्रमाणित प्रवेश-चाचणीत ठोक्यांना होणाऱ्या विरोधावरून त्याची कर्तनशक्ती काढण्याची दुसरी रीत त्याच संहितेत आहे. दोन रीतींच्या सीमेवरील खडकात दोन्हींनी हिशेब करून लहान उत्तर घ्यावे.

आधाराचे मूल्य लिहिताना त्याच्यासोबत चार गोष्टी लिहून ठेवाव्यात, असे आम्हांस वाटते: कोअर कोणत्या नळीने काढला, कोणते नमुने वगळले व का, दाबसामर्थ्य किती धरले, आणि तळाशिवाय भिंत किती पेलते. पुढे सॉकेट खणताना वेगळा खडक लागला, तर यांपैकी कोणता आकडा बदलायचा हे त्या नोंदीवरूनच कळते.